न सांगता वारंवार गैरहजर राहणाऱ्या कर्मचाऱ्याला 'कारणे दाखवा' नोटीस कशी लिहायची?

बुधवारी सकाळी शिफ्ट सुरू होते आणि एका मशीनवर माणूस नसतो. फोन लागत नाही. सुपरवायझर दुसऱ्या लाइनवरचा माणूस ओढून काम भागवतो आणि संध्याकाळी एचआरच्या टेबलापाशी येऊन म्हणतो, "हा मुद्दाम करतो. त्याला आता कडक नोटीस काढा."

इथे बहुतेक वेळा इंटरनेटवरून एखादा नमुना उतरवला जातो, त्यात 'बेजबाबदार', 'बेशिस्त', 'कामचुकार' असे शब्द भरले जातात आणि सही-शिक्का मारून कागद दिला जातो. पुढे प्रकरण कामगार न्यायालयात गेलं, तर हेच शब्द मालकाच्या अंगाशी येतात. आणि न्यायालयात गेलं नाही, तरी नोटिशीचं मूळ काम, म्हणजे खरं कारण कळणं, राहूनच जातं.

ही नोटीस कशी लिहायची, ते एका उदाहरणातून पाहू. हे उदाहरण समजावण्यासाठी तयार केलेलं आहे.

कारणे दाखवा नोटीस म्हणजे नेमकं काय?

नावातच उत्तर आहे. 'तुमच्याबाबत आमच्या नोंदींत असं दिसतं. तुमच्यावर कारवाई का करू नये, याचं कारण सांगा', एवढंच ही नोटीस म्हणते. ती शिक्षा नाही आणि निकालही नाही. तो लेखी विचारलेला प्रश्न आहे.

कर्मचाऱ्याचा खुलासा पटला तर प्रकरण तिथेच संपू शकतं. पटला नाही आणि मोठ्या शिक्षेचा विचार असेल, तर पुढे आरोपपत्र आणि खातेनिहाय चौकशी होते. काही ठिकाणी नोटीस आणि आरोपपत्र एकाच कागदात देतात. पण दोन्ही पद्धतींत एक गोष्ट सारखी आहे. ज्याने प्रश्न विचारलाय, त्याने उत्तर येण्याआधी निर्णय घेतलेला नसावा.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ओरिक्स फिशरीज विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात हेच सांगितलं. ते प्रकरण नोकरीचं नव्हतं, मासळी निर्यात करणाऱ्या कंपनीच्या नोंदणीचं होतं. पण त्यातलं तत्त्व इथेही लागू पडतं. कारणे दाखवा नोटिशीतच दोष सिद्ध झाल्याची भाषा असेल, तर नोटीस देणाऱ्याचं मन आधीच बंद झालेलं आहे असं दिसतं आणि मग उत्तर मागणं हा नुसता उपचार ठरतो.

आधी नोंदी तपासा, मग लिहायला बसा

आपल्या उदाहरणातला कारखाना एमआयडीसीतला आहे. ३४० कामगार आहेत. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मोल्डिंग विभागातला एक कायम ऑपरेटर जानेवारी ते मार्च २०२६ या काळात वारंवार गैरहजर राहिला. सुपरवायझरने एचआरला १३ दिवसांची यादी दिली.

एचआरने ती यादी तशीच नोटिशीत उतरवली नाही. तिच्याशेजारी तीन गोष्टी ठेवल्या: थंब मशीनची नोंद, रजेचं रजिस्टर आणि सुपरवायझरचा मोबाइल. मोबाइल का? कारण आजकाल रजेचा अर्ज कागदावर कमी आणि व्हॉट्सॲपवर जास्त येतो.

तपासल्यावर दोन दिवस गळाले. १२ फेब्रुवारीला गुरुवार होता, म्हणजे त्या दिवशी सगळ्यांनाच सुट्टी होती. ६ मार्चला ऑपरेटरने सकाळी मेसेज केला होता, 'मुलाला ताप आहे, आज येत नाही'. त्यावर सुपरवायझरचं उत्तर होतं, 'ठीक आहे'. तो दिवस 'न सांगता गैरहजर' या खात्यात बसत नाही. उरले ११ दिवस.

दोन दिवसांनी काय बिघडलं असतं? पुढे चौकशी झाली, तर ऑपरेटर किंवा त्याचा प्रतिनिधी सर्वात आधी याच दोन तारखांवर बोट ठेवेल. एक तारीख चुकीची निघाली की उरलेल्या खऱ्या तारखांवरही शंका येते.

तारखांसोबत आणखी दोन नोंदी काढाव्या लागतात. पहिली, याबाबत आधी काय सांगितलं होतं. इथे ३० जानेवारीला सुपरवायझरने तोंडी समज दिली होती आणि १३ फेब्रुवारीला लेखी समजपत्र देऊन त्याची पोहोच घेतली होती. दुसरी नोंद, रजेचा नियम कर्मचाऱ्याला कधी आणि कसा कळवला होता. नियमच माहीत नसेल, तर तो मोडला असं म्हणणं कठीण जातं.

कोणता नियम लावायचा?

नमुना उतरवताना सर्वात जास्त चूक इथे होते. १९४६ च्या कायद्याखालच्या केंद्रीय नमुना स्थायी आदेशांमध्ये गैरहजेरीचे दोन वेगळे प्रकार एकाच ओळीत दिले होते: सवयीने विनारजा गैरहजर राहणं, किंवा १० दिवसांपेक्षा जास्त काळ विनारजा गैरहजर राहणं. अशाच धर्तीची कलमं अनेक कंपन्यांच्या स्थायी आदेशांत आढळतात.

आपला ऑपरेटर एका वेळी जास्तीत जास्त ३ दिवस गैरहजर होता. त्यामुळे ११ हा आकडा पाहून त्याला '१० दिवसांपेक्षा जास्त' हा भाग लावला, तर नोटिशीचा पायाच चुकतो. तो भाग लांबलेल्या, सलग गैरहजेरीसाठी आहे. इथे मुद्दा वारंवार होणाऱ्या गैरहजेरीचा आहे, म्हणून पहिला भाग लावायचा.

तुमच्या ठिकाणी कोणते नियम लागू आहेत, ते मात्र आधी पाहा. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातल्या स्थायी आदेशांच्या तरतुदी ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहेत. त्यापेक्षा लहान दुकान, ऑफिस किंवा वर्कशॉप असेल, तर नेमणूकपत्र आणि कंपनीचे लेखी सेवा नियम यांचा आधार घ्या. जो नियम अस्तित्वातच नाही, त्याचा क्रमांक नमुन्यात होता म्हणून नोटिशीत येता कामा नये.

भाषा: जे दिसलं ते लिहा, जे वाटलं ते नको

तटस्थ भाषा म्हणजे गुळमुळीत भाषा नव्हे. ११ दिवस गैरहजेरी झाली असेल तर तसं स्पष्ट लिहायचंच. फरक इतकाच, की प्रत्येक वाक्यामागे दाखवता येईल असा कागद हवा.

सोपी कसोटी अशी: वाक्य लिहिल्यावर स्वतःला विचारा, 'याचा पुरावा कोणत्या रजिस्टरमध्ये आहे?' उत्तर सापडलं नाही तर ते वाक्य काढा. आपल्या प्रकरणातली काही वाक्यं या कसोटीवर बघू.

*'तुम्ही सतत दांड्या मारता.'*
'सतत' म्हणजे किती, हे कळत नाही आणि 'दांड्या मारणे' हा आरोप आहे. त्याऐवजी: 'दि. १२ जानेवारी ते ११ मार्च २०२६ या काळात आपण खाली दिलेल्या ११ दिवशी कामावर उपस्थित नव्हता.'

*'तुम्ही कोणालाही न कळवता गैरहजर राहिलात.'*
त्याने कोणाला तरी कळवलं असेल आणि ते आपल्यापर्यंत पोहोचलं नसेल, अशी शक्यता असते. त्याऐवजी: 'या दिवसांसाठी आपला रजेचा अर्ज किंवा सूचना विभागाच्या नोंदीत आढळत नाही.'

*'तुमच्या बेजबाबदारपणामुळे कंपनीचं प्रचंड नुकसान झालं.'*
नुकसानीचा हिशोब नसेल, तर हा शब्द नको. त्याऐवजी: 'यांपैकी ७ दिवशी आपल्या मशीनवर अन्य विभागातील कामगार नेमावा लागला.' ड्युटी रजिस्टरमध्ये तशी नोंद असेल तरच हे लिहायचं.

*'तुम्ही साप्ताहिक सुट्टीला जोडून मुद्दाम गैरहजर राहता.'*
सुपरवायझरचा सगळा भर या वाक्यावर होता. तारखा पाहिल्या तर ते खरंही वाटतं. गैरहजेरीच्या पाच वेळांपैकी चार वेळा शेवटचा दिवस बुधवार होता आणि गुरुवारी सुट्टी. पण बुधवार रजिस्टरमध्ये दिसतो, 'मुद्दाम' मात्र दिसत नाही. म्हणून एचआरने तारखांपुढे वार लिहिले आणि हेतूबद्दल काहीच लिहिलं नाही.

हेतूचा मुद्दा कायद्यातही महत्त्वाचा आहे. कृष्णकांत परमार विरुद्ध भारत सरकार या २०१२ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की कर्मचारी परवानगीशिवाय गैरहजर होता एवढ्यावरून ते कर्तव्यात कसूर ठरत नाही. ती गैरहजेरी जाणूनबुजून होती की आजारपण, अपघात, रुग्णालयात दाखल होणं अशा हाताबाहेरच्या कारणाने होती, हे चौकशीत ठरवावं लागतं. ते प्रकरण सरकारी सेवेतलं होतं, पण खुलाशाला एवढं महत्त्व का, हे त्यातून कळतं. 'का' हे अजून आपल्याला माहीत नाही, आणि ते विचारण्यासाठीच नोटीस आहे.

नोटिशीचा मसुदा

आपल्या उदाहरणातली नोटीस अशी तयार झाली. हिचा आकार वापरा, पण तारखा, कलमं आणि मुदत तुमच्या नोंदींप्रमाणे भरा.

> जावक क्र. ____  दिनांक: १६ मार्च २०२६
>
> प्रति,
> श्री. ____, कर्मचारी क्र. ____
> ऑपरेटर, मोल्डिंग विभाग
>
> विषय: पूर्वसूचना न आढळलेल्या गैरहजेरीबाबत कारणे दाखवा नोटीस
>
> १. हजेरीच्या नोंदीनुसार आपण पुढील ११ दिवशी कामावर उपस्थित नव्हता:
> - १२ व १३ जानेवारी २०२६ (सोमवार, मंगळवार): २ दिवस
> - २८ जानेवारी २०२६ (बुधवार): १ दिवस
> - ९, १० व ११ फेब्रुवारी २०२६ (सोमवार ते बुधवार): ३ दिवस
> - २४ व २५ फेब्रुवारी २०२६ (मंगळवार, बुधवार): २ दिवस
> - ९, १० व ११ मार्च २०२६ (सोमवार ते बुधवार): ३ दिवस
>
> २. या दिवसांसाठी आपला रजेचा अर्ज, मंजूर रजा किंवा पूर्वसूचना विभागाच्या नोंदीत आढळत नाही.
>
> ३. याबाबत आपल्याशी ३० जानेवारी २०२६ रोजी तोंडी चर्चा झाली होती. १३ फेब्रुवारी २०२६ रोजी आपणांस लेखी समजपत्र देण्यात आले व त्याची पोहोच आपण दिली आहे.
>
> ४. वरील बाब खरी आढळल्यास ती स्थायी आदेश क्र. ____ नुसार 'सवयीने विनारजा गैरहजर राहणे' या गैरवर्तनात मोडू शकते.
>
> ५. तरी आपल्याविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा ही नोटीस मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत मनुष्यबळ विभागाकडे द्यावा. आजारपण, कौटुंबिक अडचण किंवा अन्य कारण असल्यास ते नमूद करून उपलब्ध कागदपत्रे जोडावीत. वरील नोंदींत चूक आढळल्यास तेही कळवावे.
>
> ६. हजेरीची नोंद व समजपत्राची प्रत सोबत जोडली आहे. मूळ नोंदी पाहायच्या असल्यास कार्यालयीन वेळेत मनुष्यबळ विभागात पाहता येतील.
>
> ७. मुदतीत खुलासा न मिळाल्यास उपलब्ध नोंदींच्या आधारे नियमानुसार पुढील कार्यवाहीचा विचार केला जाईल.
>
> (सही)
> अधिकृत अधिकारी
>
> सोबत: १) हजेरीची नोंद २) १३ फेब्रुवारी २०२६ चे समजपत्र

यातले तीन मुद्दे नीट पाहा

चौथ्या मुद्द्यात 'मोडते' नाही, 'मोडू शकते' आहे. सुरुवातीलाही 'खरी आढळल्यास' असं आहे. या दोन जागांवर नोटीस आरोप आणि निकाल यांतलं अंतर राखते. 'आपण गैरवर्तन केले आहे' असं लिहिलं की ते अंतर संपतं.

तिसऱ्या मुद्द्यात जुनं समजपत्र का? पुढे शिक्षा ठरवताना मागची नोंद विचारात घ्यायची असेल, तर ती कर्मचाऱ्याला आधी दाखवलेली असावी लागते. म्हैसूर राज्य विरुद्ध मांचे गौडा या सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच हे तत्त्व मांडलं. खिशात ठेवलेली जुनी तक्रार शेवटच्या क्षणी बाहेर काढता येत नाही.

सातवा मुद्दा मुद्दाम साधा ठेवला आहे. अनेक नमुन्यांत इथे 'खुलासा न दिल्यास आपण नोकरी सोडली असे समजण्यात येईल' असं वाक्य असतं. ते धोकादायक आहे. डी. के. यादव विरुद्ध जे.एम.ए. इंडस्ट्रीज या १९९३ च्या प्रकरणात कंपनीच्या स्थायी आदेशातच तरतूद होती, की ८ दिवसांपेक्षा जास्त विनारजा गैरहजर राहिल्यास कामावरचा हक्क आपोआप संपेल. कंपनीने तिचा आधार घेतला. आपल्याला गेटवरच अडवलं होतं, असं कामगाराचं म्हणणं होतं. बाजू मांडण्याची संधी आणि चौकशी न करता त्याला काढणं नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं आणि ५० टक्के मागील वेतनासह त्याला कामावर परत घ्यायला सांगितलं. नियमात लिहिलेलं असूनही कंपनी हरली, मग नुसत्या नोटिशीतल्या वाक्याचा काय निभाव लागणार?

नोटीस पोहोचली, याचा पुरावा

नोटीस हातात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही घ्यायची. कर्मचाऱ्याला समजेल अशा भाषेत ती असावी. मराठी वाचणाऱ्या कामगाराला फक्त इंग्रजी कागद दिला, तर त्याला उत्तराची संधी मिळाली असं म्हणणं अवघड जातं.

त्याने घ्यायला नकार दिला, तर वाद घालू नका. हजर असलेल्या दोन जणांसमोर 'आज अमुक वाजता नोटीस देऊ केली, स्वीकारली नाही' अशी नोंद करून त्यांच्या सह्या घ्या आणि नोटीस घरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा. पावती आणि पोहोचल्याची नोंद फाइलला लावा. कर्मचारी गावाकडे गेलेला असू शकतो, म्हणून कंपनीच्या नोंदीत असलेल्या स्थानिक आणि कायमच्या, दोन्ही पत्त्यांवर पाठवणं चांगलं. सूचना फलकावर मात्र ती थेट लावू नका. तिथे ती सहकाऱ्यांसमोरची बदनामी ठरू शकते.

मुदत किती द्यायची, हे तुमच्या नियमांत असेल तर तेच पाळा. नसेल तर कागदपत्रं जमवायला पुरेल इतकी द्या. इथे मध्ये १९ मार्चचा गुढीपाडवा येत होता. २४ किंवा ४८ तास दिले असते, तर दवाखान्यातून साधा दाखला आणणंही जमलं नसतं.

खुलासा आल्यावर काय झालं?

सहाव्या दिवशी ऑपरेटरचं दोन पानी उत्तर आलं. त्याच्या आईला केमोथेरपी सुरू होती. दर चार आठवड्यांनी, सोमवारी, तिला शहरातल्या रुग्णालयात न्यावं लागत होतं. पहिल्या वेळी दोन दिवस लागले, पुढच्या दोन वेळा तीन. सोबत रुग्णालयाचे कागद होते.

आता नोटिशीतली यादी पुन्हा पाहा. १२ जानेवारी, ९ फेब्रुवारी, ९ मार्च. तिन्ही सोमवार आणि प्रत्येकात बरोबर २८ दिवसांचं अंतर. सुपरवायझरला बुधवार दिसत होते, कारण त्याला सुट्टीचा संशय होता. सोमवारही त्याच यादीत होते.

त्याने आधी सांगितलं का नाही? शिल्लक रजा संपली होती आणि आईच्या आजारपणाचं कळलं तर आपल्याला ओव्हरटाइममधून वगळतील अशी त्याला भीती होती, असं त्याने लिहिलं. २८ जानेवारी आणि २४-२५ फेब्रुवारी या तीन दिवसांसाठी मात्र त्याच्याकडे ठोस कारण नव्हतं. 'थकलो होतो' एवढंच त्याने लिहिलं होतं.

कंपनीने लेखी निर्णय दिला. ११ पैकी ८ दिवसांचं कारण मान्य केलं. ते दिवस बिनपगारी रजा म्हणून धरले. उरलेल्या ३ दिवसांसाठी आणि एकूणच पूर्वसूचना न दिल्याबद्दल लेखी ताकीद दिली. उपचाराच्या पुढच्या तारखा आधी कळवाव्यात, असंही त्यात होतं. आरोपपत्रापर्यंत प्रकरण गेलं नाही.

हा निर्णय लेखी असणं गरजेचं आहे. खुलासा आल्यावर कंपनी गप्प बसली, तर कर्मचाऱ्याच्या डोक्यावर टांगती तलवार राहते आणि पुढच्या वेळी मागच्या प्रकरणाचं काय ठरलं, हे कोणालाच सांगता येत नाही.

समजा नोटिशीत 'सुट्टीला जोडून मुद्दाम दांड्या' असं लिहिलं असतं, तर? केमोथेरपीचे कागद समोर आल्यावर कंपनीला तो शब्द मागे घ्यावा लागला असता, किंवा न घेता तो रेटत राहावं लागलं असतं. नोटिशीत फक्त तारखा आणि वार होते, म्हणून खुलासा आल्यानंतरही तिच्यातलं एकही वाक्य बदलावं लागलं नाही.